बुएंदियांची वंशावळ: शुभाला पाठवायचं पत्र, आधी तुम्ही वाचून सांगा

गवतीचहा:
आमचा सहाजणींचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एकीच्या घरी जमतो. या वेळी गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' घेतली आहे. मूळ स्पॅनिश १९६७ची, आम्ही वाचतोय ती ग्रेगरी राबासाचा इंग्रजी अनुवाद. शुभाने अर्ध्यात पुस्तक मिटलं आणि वहीत काढलेल्या वंशावळीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली एवढंच: "सगळेच ऑरेलियानो. मी हरले. शेवट सांगितलात तरी चालेल, पण कोण कुणाचा ते सांगा." म्हणून तिला हे पत्र लिहिलंय. पाठवायच्या आधी चुका काढा. ज्यांना शेवट कळायला नको आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

---

शुभा,

तुझी वही झूम करून पाहिली. पानाच्या मधोमध कर्नल ऑरेलियानो बुएंदिया, त्याच्याभोवती दुहेरी चौकट, आणि तिथून खाली पाचसहा बाण. घोळ तिथेच झालाय. कादंबरीचं पहिलं वाक्य कर्नलवर आहे, बत्तीस उठाव करून बत्तीसही हरतो तो, म्हणून आपण त्यालाच घराण्याचा खांब समजतो. पण वंश त्याच्यातून पुढे जातच नाही. त्याची कोवळी बायको रेमेदियोस पोटात जुळं असताना जाते. पिलार तेर्नेरापासून झालेला ऑरेलियानो होसे गोळी लागून मरतो. आणि युद्धाच्या धामधुमीत सतरा बायकांपासून झालेले सतरा मुलगे, सगळ्यांचं नाव ऑरेलियानो, तेही मारले जातात. कर्नलच्या खाली तू रेघ मारून टाक.

आता त्याचा थोरला भाऊ बघ. तोच तो, जिप्सींबरोबर पळून गेलेला आणि अंगभर गोंदवून परत आलेला. त्याला तू कोपऱ्यात ढकललंयस. खरं झाड त्याच्यातून वाढतं, तेही लग्नाच्या बायकोपासून नाही, तर पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या त्याच पिलार तेर्नेरापासून. दोघा भावांना तिच्यापासून एकेक मुलगा आहे. त्यांतला थोरल्याचा जो, तो आर्कादियो. मधली माणसं काढून टाकली की उरतं ते एवढंच:

होसे आर्कादियो बुएंदिया आणि उर्सुला
→ होसे आर्कादियो आणि पिलार तेर्नेरा
→ आर्कादियो आणि सांता सोफिया दे ला पिएदाद
→ ऑरेलियानो सेगुंदो आणि फर्नांदा
→ मेमे आणि मौरिसियो बाबिलोनिया
→ ऑरेलियानो आणि आमारांता उर्सुला
→ शेवटचं बाळ

या सहा जोड्यांत एकमेकांशी रीतसर लग्न झालेल्या दोनच आहेत, पहिली आणि चौथी. तू वहीत नवरा-बायको अशी दुहेरी रेघ ओढत गेलीस आणि रेघ संपली की वंश संपला असं धरलंस. इथे वंश बहुतेकदा रेघेबाहेरूनच पुढे सरकतो.

नावांचं म्हणशील तर लेखक आपल्याला वाटतो तेवढा निर्दय नाही. मूळ पुरुषाचा उल्लेख तो जवळजवळ नेहमी पूर्ण नावाने करतो, होसे आर्कादियो बुएंदिया. त्याचा मुलगा नुसता होसे आर्कादियो. नातू नुसता आर्कादियो. पणतू होसे आर्कादियो सेगुंदो, म्हणजे दुसरा. प्रत्येकाच्या नावाचा तुकडा ठरलेला आहे आणि तो सहसा बदलत नाही. खरी टक्कर दोनच ठिकाणी होते. नुसता 'होसे आर्कादियो' दोनदा येतो, एक गोंदवलेला आणि दुसरा पाचव्या पिढीतला, ज्याला पोप व्हायला रोमला पाठवतात. आणि नुसता 'ऑरेलियानो' म्हणजे सुरुवातीला लहानपणीचा कर्नल, शेवटी मेमेचा मुलगा. मधे इतकी पानं जातात की घरात कोण जिवंत आहे एवढं पाहिलं तरी पुरतं.

मला मात्र दुसऱ्याच युक्तीने सुटलं. आपल्याकडे नावापुढे बापाचं नाव लावतात ना, तसं मी यांना लावलं. पेशव्यांत बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव यांचा आपला कधी गोंधळ होत नाही, तसंच. मग कर्नल झाला ऑरेलियानो होसे-आर्कादियो, आणि जुळ्यातला ऑरेलियानो सेगुंदो झाला ऑरेलियानो आर्कादियो. लगेच वेगळे पडले. मेमेचा मुलगा ऑरेलियानो मौरिसियो. शेवटचं बाळ ऑरेलियानो ऑरेलियानो. हे लिहिताना मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

युक्ती कुठे फसते तेही सांगते, कारण गोष्ट तिथेच आहे. आर्कादियोला आजी-आजोबा घरात घेतात ते एका अटीवर, की त्याला आपण कुणाचे हे कधी कळू द्यायचं नाही. त्यामुळे तो मोठा झाल्यावर पिलारच्याच मागे लागतो, आणि ती बिचारी, आई आहे हे सांगता येत नाही म्हणून, स्वतःच्या जन्माच्या कमाईतले निम्मे, पन्नास पेसो, देऊन त्याच्या अंधाऱ्या खोलीत दुसरी मुलगी पाठवते. ती सांता सोफिया. म्हणजे पुढची सगळी शाखा एका आईने स्वतःला वाचवायला केलेल्या तजविजीतून आलेली आहे. पुढे मेमेचं मूल टोपलीत घालून एक नन घेऊन येते, तर फर्नांदा सांगते की टोपली पाण्यात तरंगताना सापडली. पुन्हा बापाचं नाव पुसलं. आणि म्हणूनच तो मुलगा मोठेपणी ब्रसेल्सहून परत आलेल्या आमारांता उर्सुलाच्या प्रेमात पडतो, तेव्हा ती आपली आत्या आहे हे त्याला ठाऊक नसतं. बाळ होतं, त्याला डुकराची शेपटी असते. पहिल्या पानांपासून उर्सुला जिला घाबरत होती तीच.

झाड नव्याने काढ. पिलारला वरच्या ओळीत उर्सुलाजवळ घे. आणि रविवारी ये, थालीपीठं करणार आहे.

तुझी,
ग.

---

बंडू_देवरुख:
वारस नोंदीसाठी असेल तर पत्राचा उपयोग नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून तलाठ्याकडे द्यावं लागतं, सगळे वारस दाखवायचे, मयताचे दाखले जोडायचे. आमच्या आजोबांची दोन लग्नं होती, दुसऱ्या आजीची मुलं लपवली म्हणून आमचा फेरफार अडकला तो अडकलाच. कुणालाही वगळू नका.

गवतीचहा:
बंडूदादा, ही कादंबरीतली वंशावळ आहे हो. पण "कुणालाही वगळू नका" हे मी शुभाच्या पत्रात घालते.

अर्धवटराव:
छान लिहिलंय, पण मुद्द्याचं राहिलं. जुळे लहानपणी एकमेकांचे कपडे आणि नावाची कडी बदलायचे आणि एकदा बदलले ते तसेच राहिले. म्हणून तर ऑरेलियानो सेगुंदो उधळ्या, धिप्पाड, खादाड, आणि होसे आर्कादियो सेगुंदो हाडकुळा, खोलीत पोथ्या घेऊन बसणारा. त्या घरात ऑरेलियानो असतात एकलकोंडे आणि होसे आर्कादियो असतात दांडगट. इथे नेमकं उलट आहे. म्हणजे वंश खरा होसे आर्कादियो सेगुंदोचा. तुमच्या यादीतली चौथी ओळ चुकली. आणि सतराच्या सतरा मुलगे एका रात्रीत मारले हेही लिहा.

दुपारची_झोप:
गवतीचहा, 'आत्या' नाही, मावशी. आमारांता उर्सुला ही मेमेची सख्खी बहीण, आणि ऑरेलियानो मेमेचा मुलगा. इंग्रजीत दोन्हीला आंट, स्पॅनिशमध्ये दोन्हीला तिया, म्हणून वाचताना फरक नजरेतून निसटतो. या पुस्तकात आत्याही आहे, पण ती दुसरी: आमारांता, कर्नलची बहीण. ऑरेलियानो होसे तिच्यासाठी झुरतो. तिने त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं असतं. म्हणजे पहिल्यांदा भाचा आत्याच्या मागे लागतो आणि ती शेवटच्या क्षणी दार लावून घेते. दुसऱ्यांदा भाचा मावशीच्या, आणि या वेळी दार लागत नाही. नावंही बघा, आमारांता आणि आमारांता उर्सुला. मराठीत लिहिलं तर हे दोन धागे वेगळे दिसतात, इंग्रजीत एकाच रंगाचे.

आणखी एक. त्याला 'ठाऊक नसतं' हे बरोबर, पण तो तिला परकीही समजत नाही. दोघांना शंका येते की आपण भाऊबहीण तर नाही ना. चर्चमधल्या जन्मनोंदी शोधायला जातो, हाती काही लागत नाही, आणि मग टोपलीची गोष्ट पत्करून मोकळे होतात, कारण ती सोयीची असते. ती बहीण नसून मावशी आहे हे त्याला कळतं शेवटच्या पानांवर, जिप्सी मेल्कियादेसने लिहून ठेवलेले कागद उलगडताना.

अर्धवटराव, तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष नाही. अदलाबदल झाली असावी हे उर्सुलालाही वाटतं, पत्त्यांच्या कॅटसारखे पिसले गेले म्हणते ती. पण समजा झाली. फर्नांदाशी लग्न करून तीन मुलं झाली ती ज्या माणसाला, तो माणूस तोच राहतो ना? त्याला जन्माच्या वेळी काय नाव दिलं होतं एवढाच प्रश्न उरतो. दोघांचे आईबाप एकच, त्यामुळे वरची रेघही हलत नाही. फांदीवरची पाटी बदलली, फांदी तीच आहे.

अर्धवटराव:
मग लेखकाने एवढा खटाटोप केला कशाला? दोघं एकाच क्षणी मरतात, आणि पुरताना दारुडे मित्र पेट्यांची अदलाबदल करतात. म्हणजे मेल्यावर आपापल्या नावाच्या खड्ड्यात गेले. माझ्या मते हा पुरावाच आहे.

दुपारची_झोप:
किंवा लहानपणी काहीच झालं नव्हतं आणि एकमेव खरी अदलाबदल ती स्मशानातलीच. पुस्तक दोन्ही वाचू देतं. मी चारदा वाचलंय आणि दोनदा तुमच्या बाजूने होतो. सतराबद्दल मात्र दुरुस्ती: त्या हल्ल्यातून थोरला, ऑरेलियानो आमादोर, डोंगरात निसटतो. तो फार वर्षांनी म्हातारा होऊन घराच्या दाराशी येतो. आतले दोघे त्याला ओळखत नाहीत, भिकारी समजून बाहेर काढतात आणि तो तिथेच मारला जातो. आत घेणारं कुणी उरलेलं नसतं, कारण झाड पाठ असलेली माणसं तोवर मेलेली असतात.

कृष्णाकाठ:
मी पुस्तक वाचलेलं नाही, सध्या मालिका बघतोय. एक विचारू का. पहिली जोडी भाऊबहीण लागते म्हणून एवढी भीती. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही रीतच आहे, माझ्या आईवडिलांचंच तसं आहे. मी ठणठणीत आहे, शेपटी नाही. उर्सुला नेमकी कोण लागते त्याची? मामेबहीण असेल तर आमच्या गावात कुणी भुवईही उचलणार नाही.

गवतीचहा:
हेच मी मुद्दाम टाळलं होतं. इंग्रजीत नुसतं कझिन. मराठीत लिहायला बसले आणि हात थबकला. मामे, आते, मावस, चुलत, यातलं एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होईना.

दुपारची_झोप:
मूळ स्पॅनिशमध्येही 'प्रिमोस' एवढंच आहे, त्यामुळे निवडायला आधार नाही. आडनावं वेगळी, बुएंदिया आणि इगुआरान, म्हणजे दोन सख्ख्या भावांची मुलं नसावीत. त्यापुढे मी काही ठरवणार नाही. आणि भीती नुसती हवेतली नाही. उर्सुलाची एक आत्या किंवा मावशी (बघा, इथेही तेच) होसे आर्कादियो बुएंदियाच्या मामाला किंवा काकाला दिली होती. त्यांच्या मुलाला खरोखर शेपटी होती. बेचाळीस वर्षं सैल विजारी घालून त्याने ती लपवली. शेवटी ओळखीच्या खाटकाने उपकार म्हणून सुऱ्याने तोडून दिली, तर रक्त जाऊन मेला. ही घरातली ऐकीव गोष्ट उर्सुलाच्या आईने तिच्या डोक्यात भरलेली.

इगुआरान हे आडनाव लेखकाच्या स्वतःच्या आजीचं आहे, हे जाता जाता.

रेवा_टोरंटो:
माझा अनुभव जरा वेगळा. आमच्यात नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे विष्णू महादेव, महादेव विष्णू, पुन्हा विष्णू महादेव असं साखळीसारखं चालतं. बापाचं नाव लावायची युक्ती एका पिढीआड फसते, कारण आजोबा आणि नातू यांचं पूर्ण नाव एकच. त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा उपाध्यायांनी नामावळीची वही काढली. त्यात तीन विष्णू महादेव, आणि प्रत्येकाशेजारी सही. सहीच्या वळणावरून कोणता कोण ते वडिलांनी सांगितलं. पण आज्या-पणज्या त्या पानावर नव्हत्या. मी नाव विचारलं तर वडील म्हणाले, "माई म्हणायचे सगळे."

म्हणून पिलारला वर घ्या हे वाचून बरं वाटलं. पण एक शंका. रेबेकाचं काय? तिला झाडात कुठे टाकायचं? होसे आर्कादियोशी तिचं लग्न म्हणजे बहीणभावाचंच ना?

दुपारची_झोप:
रेबेका झाडाबाहेरची. अकरा वर्षांची असताना येते, बरोबर आईबापांच्या हाडांची पिशवी आणि एक पत्र. पत्रात उर्सुलाची लांबची नातेवाईक असं लिहिलेलं असतं, पण पत्रातली नावं घरात कुणालाच आठवत नाहीत. एका छपराखाली वाढली म्हणून उर्सुला त्या लग्नाला अनाचार मानते आणि दोघांना घराबाहेर काढते. पाद्री रविवारच्या प्रवचनात जाहीर करतो की ती भाऊबहीण नव्हेत. आता गंमत बघा. रक्ताचं नातं नसलेल्या एकमेव सुनेला घराबाहेर काढलं जातं, तेही रक्ताच्या भीतीने.

अर्धवटराव:
एकमेव कशी? फर्नांदाचं रक्ताचं नातं कुठे आहे? सांता सोफियाचं?

दुपारची_झोप:
खरं आहे, जोरात लिहून गेलो. 'एकमेव' काढा.

कृष्णाकाठ:
अजून एक, मग मी मालिकेकडे परत जातो. शेवटचं बाळ कितवी पिढी? कुणी सहावी म्हणतं, कुणी सातवी.

गवतीचहा:
दोन्ही. हे मी काल रात्री कागदावर करून पाहिलं. आईकडून मोजलं तर आमारांता उर्सुला पाचवी, बाळ सहावं. बापाकडून मोजलं तर मेमे पाचवी, ऑरेलियानो सहावा, बाळ सातवं. ऑरेलियानो सेगुंदो त्या बाळाचा आईकडून आजोबा आणि बापाकडून पणजोबा. आणि ऑरेलियानो हा बाळाचा बाप तर आहेच, शिवाय मावसभाऊही. झाड काढताना नेमकं इथे फांदी वळून खोडाला चिकटते, म्हणून कागदावर जागाच पुरत नाही. शुभाचा शेवटचा बाण पानाबाहेर गेला होता तो यामुळेच.

रेवा_टोरंटो:
काही आवृत्त्यांत पहिल्याच पानावर वंशावळ छापलेली असते. ती का नाही पाठवत? एवढं लिहायची गरजच नाही.

दुपारची_झोप:
कारण त्या तक्त्यात पहिल्याच पानावर दिसून जातं की मेमे आणि मौरिसियोच्या खाली कोण आहे आणि त्याच्याशेजारी कोण बसली आहे. घरातल्यांना जे शंभर वर्षं कळत नाही ते वाचकाला चहा यायच्या आत कळतं. वाचताना स्वतः काढावं, खोडावं, हेच बरं. अर्थात शुभाताईंनी शेवट सांगा म्हटलंय, तेव्हा त्यांचं वेगळं.

गवतीचहा:
आत्याची मावशी केली, आमादोर वेगळा लिहिला आणि पत्र काल पाठवलं. आज शुभाचा फोटो आला. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर आडवं झाड, पिलार तेर्नेरा वर उर्सुलाजवळ, कर्नलखाली लाल रेघ. आणि सोबत प्रश्न. ती उरलेलं पुस्तक तीन दिवसांत संपवून बसली आहे. तिने विचारलंय: शेवटी शेवटी ऑरेलियानो पिलार तेर्नेराकडे जाऊन बसतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. तोवर तिने एकशे पंचेचाळीसनंतर वय मोजणं सोडलेलं असतं. माझ्या झाडाप्रमाणे ती त्याची खापरपणजी लागते. त्याला हे माहीत नाही, ठीक. पण तिला माहीत होतं का?

मी दोनदा ती पानं वाचली. त्याच्या चेहऱ्यात तिला कर्नल दिसतो हे आहे. पण कर्नल तर या झाडात त्याचा नुसता खापरपणजोबाचा भाऊ.

अर्धवटराव:
माहीत असणारच. पत्त्यात सगळं दिसतं तिला.

दुपारची_झोप:
त्या भेटीत रक्ताच्या नात्याबद्दल ती त्याच्यापाशी काही बोलत नाही. मी पुन्हा वाचून सांगतो.